शेकरू रे शेकरू : शाळेच्या हरित सेनेसाठी हाक मारता येईल असं नाव

अमेरिकेच्या वनखात्याने 1944 साली जंगलातल्या वणव्यांविरुद्धच्या प्रचारासाठी एक अस्वल निवडलं आणि त्याचं नाव ठेवलं स्मोकी बेअर. डोक्यावर वनरक्षकाची टोपी, अंगात निळी पँट, हातात फावडं. पोरांना ते इतकं आवडलं की त्याच्या नावाने येणाऱ्या पत्रांसाठी 1964 मध्ये टपाल खात्याला त्याला स्वतंत्र पिनकोड द्यावा लागला. पण आज अमेरिकेत कुणालाही या अस्वलाचं नाव विचारलं, तर बहुतेक जण 'स्मोकी द बेअर' असं सांगतील. हा मधला 'द' वनखात्याने कधीच दिलेला नाही. 1952 साली स्टीव्ह नेल्सन आणि जॅक रोलिन्स या दोन गीतकारांनी या अस्वलावर गाणं लिहिलं. ओळ तालात बसेना, म्हणून त्यांनी नावात एक अक्षर जास्तीचं घातलं. गाणं पोरांच्या तोंडी बसलं आणि त्याबरोबर नावही बदललं. सरकारी कागदांवर अजूनही 'द' नाही, लोकांच्या तोंडी मात्र तोच आहे.

शाळेतल्या पर्यावरण मंडळाला एखादा प्राणी, पक्षी किंवा झाड सवंगडी म्हणून द्यायचं ठरवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. मुलं नाव वाचत नाहीत, ती ते ओरडतात. ते तालात बसलं तर टिकतं. बसलं नाही तर मुलं ते आपल्या सोयीने वळवून घेतात, नाहीतर सोडून देतात.

आपल्याकडे शाळांमधली हरित सेना 2001-02 पासून आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची ही योजना, आणि महाराष्ट्रात तिचं काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आलं. शाळाशाळांत मंडळं निघाली, फलक लागले. फलकावर 'राष्ट्रीय हरित सेना', खाली शाळेचं नाव, बाजूला हिरवं पान. हे नाव योजनेला शोभतं. पण तिसरीतल्या पोराने मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी असं ते नाही. 'पर्यावरण' हा शब्दच मुलांच्या तोंडात अडखळतो. 'वृक्षमित्र'मध्ये दोन जोडाक्षरं आणि एक ऋ, तीही एका दमात. बोलीत त्याचं 'व्रुक्शमित्र' होतं आणि ओरडताना नुसतं 'मित्र' उरतं. म्हणून मंडळाचं कागदावरचं नाव तसंच राहू द्यावं आणि मुलांच्या तोंडी देण्यासाठी एक वेगळं, छोटं, जिवंत नाव शोधावं.

मराठी पोरांच्या कानाला काय रुचतं

बोलायला लागलेल्या मराठी मुलाला आपण प्राण्यांची कोणती नावं शिकवतो ते आठवून पाहा. चिऊ, काऊ, माऊ, भूभू. सगळी शेवटी ऊकडे जातात. घरात हाका मारायची नावंही तशीच: सोनू, मनू, बाळू, राजू. शेवटचा स्वर दीर्घ असला की हाक लांबवता येते. 'गणेश' म्हणून लांबून हाक मारून पाहा, 'श' वाऱ्यावर विरून जातो. म्हणून तर आई 'गणूऽऽ' अशी हाक मारते. आ, ओ, ऊ, ई यांवर संपणारं नाव मैदानापलीकडे पोचतं, व्यंजनावर संपणारं अर्ध्यात विरतं.

दुसरी गोष्ट तालाची. शाळेत वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी मात्रा मोजल्या आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर आला तर त्याच्याही दोन. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त मराठी पद्याचा ताल मांडला. त्यात आठ मात्रांच्या आवर्तनाला त्यांनी पद्मावर्तनी म्हटलं आहे. आपली बडबडगीतं, मोजणीची गाणी, फुगड्यांची गाणी मोठ्या प्रमाणात याच आठ मात्रांत चालतात. मुलांना हे कुणी शिकवत नाही, त्यांच्या टाळ्या आपोआप तशा पडतात. दर चार मात्रांना एक टाळी, दोन टाळ्यांत एक आवर्तन पुरं.

आता 'चिऊताई' मोजू या. चि एक, ऊ दोन, ता दोन, ई दोन. सात मात्रा झाल्या. आठवी मात्रा रिकामी, तिथे मूल श्वास घेतं आणि पुन्हा सुरू करतं. 'चिऊताई, चिऊताई' हे न थकता कितीही वेळ म्हणता येतं, ते यामुळे. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या नावात ही सोय आपोआप आलेली असते. शाळेत नवं नाव घडवताना ती मुद्दाम पाहावी लागते. 'वडआजोबा' घ्या: व एक, ड एक, आ दोन, जो दोन, बा दोन. बरोबर आठ. 'टिटवी' चार मात्रांची, दोनदा म्हटली की आवर्तन पुरं होतं. याउलट 'हरितसखा' म्हणून पाहा. हरित-सखा, ह-रित-सखा, हरि-तसखा. टाळी कुठे द्यायची तेच कळत नाही, कारण जोर कुठेच ठरत नाही.

ताल जमतो की नाही हे ठरवायला व्याकरण येण्याची गरज नाही. चार मुलींना दोरीवरच्या उड्या मारायला सांगा आणि प्रत्येक उडीला नाव म्हणायला सांगा. दोरी अडखळली नाही तर नाव तालात आहे.

शाळा कुठली, सवंगडी कोण

ताल जमणारी नावं पुष्कळ निघतील. त्यातलं कुठलं घ्यायचं हे शाळेच्या आवारावरून ठरवावं. वाघ आणि पांडा सगळ्यांना माहीत असतात, पण फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर ते कुणाला दिसत नाहीत. मुलाला जे रोज दिसतं, ऐकू येतं, निदान ज्याच्या खुणा सापडतात, त्याच्याशीच त्याला काही करता येतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, शाळा भीमाशंकरच्या पायथ्याशी, आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीची आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली झालं, सुमारे 131 चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या कडेवर पसरलेलं. तिथलं शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. वाडीतल्या मुलांना ते चित्रातून ओळखावं लागत नाही. हिरड्याच्या, जांभळाच्या झाडावर उंच, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचा गोल गोळा दिसला की 'ते शेकराचं घरटं' असं पोरं सांगतात. एका शेकराची अशी एकाहून जास्त घरटी असतात, हेही ती जाणतात.

नावाच्या बाजूने पाहिलं तर 'शेकरू' आपण होऊनच ऊवर संपतं. शे दोन, क एक, रू दोन, पाच मात्रा. एकटं म्हटलं तर आवर्तन अपुरं राहतं. इथे स्मोकीच्या गाण्याने केलं तेच करायचं, पण आपल्या पद्धतीने: मध्ये 'रे' घालायचा. 'शेकरू रे' सात मात्रा आणि एक श्वास, पुढे 'शेकरू' पाच मात्रा आणि लांबवलेला रू. दोन आवर्तनं झाली. आता याला पुढची ओळ हवी, आणि चूक नेमकी तिथेच होते.

पहिल्यांदा सुचणारी ओळ असते 'शेकरू रे शेकरू, फांदी नको तोडू'. यमक जमलं, ताल जमला, पोरं टाळ्याही देतील. पण हाक शेकराला मारली आहे, म्हणजे फांदी तोडू नको असं आपण शेकरालाच सांगतोय. घरट्यासाठी डहाळ्या तोडणं हे त्या बिचाऱ्याचं रोजचं काम. चौथीतली एखादी चौकस पोर हे लगेच पकडेल, आणि तिने पकडलं नाही तर चुकीची गोष्ट शंभर मुलांच्या डोक्यात जाईल. हाक आणि उपदेश एकाच ओळीत आले की असा घोळ होतो. म्हणून घोषणा प्रश्नोत्तराची करावी. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, आणि उत्तरात त्या प्राण्याबद्दलची खरी, महत्त्वाची एकच गोष्ट असावी.

शेकराबद्दलची ती एक गोष्ट कोणती? ते जमिनीवर क्वचितच उतरतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारत जातं, पाच-सहा मीटरचं अंतर ते एका झेपेत पार करतं. म्हणजे त्याला नुसती झाडं पुरत नाहीत, एकमेकांना भिडलेल्या शेंड्यांचं छत लागतं. मधलं एक मोठं झाड गेलं तर वाट तुटते, शेकराला खाली उतरावं लागतं आणि तिथे कुत्री असतात. हे ध्यानात ठेवून घोषणा अशी होऊ शकते:

शेकरू रे शेकरू!
झाडावरनं झाडावर!
मधलं झाड तुटलं तर?
नवं लावू वाटेवर!

पहिली आणि तिसरी ओळ म्होरक्याची, दुसरी आणि चौथी सगळ्यांची. 'झाडावरनं' आठ मात्रा, 'झाडावर' सहा आणि दोन मात्रांचा विसावा. 'झाडावरून' असं शुद्ध लिहिलं तर ताल मोडतो, म्हणून बोलीतलं 'वरनं' ठेवायचं. बाईंनी फळ्यावर लिहितानाही ते तसंच लिहावं. मुलं घरी जे बोलतात ते घोषणेत ऐकू आलं की त्यांना ती आपली वाटते.

हेच सोलापूरकडच्या माळावरच्या शाळेला चालणार नाही. तिथे शेकरू कुणी पाहिलेलं नसतं आणि झाडांचं छत हे त्या जागेचं रूपच नाही. त्या शाळेचा सवंगडी टिटवी असावी. ती उघड्या माळावर, दगडगोट्यांत अंडी घालते, जवळ गेलं की आकांत करते, आणि तिची हाक तिच्याच नावासारखी असते. तिच्याबरोबर मुलांना एक वेगळी गोष्ट शिकता येते: गवताळ माळ ओसाड नसतो, तो कित्येक पक्ष्यांचं घर असतो आणि तिथे सरसकट खड्डे खणून रोपं लावली तर ते घर जातं. मुंबईतल्या चाळीजवळच्या शाळेला चिमणी किंवा आवारातला वड बरा. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या प्राण्याचं कोरकू नाव आधी विचारावं, मगच मराठीकडे वळावं.

टिटवीबाबत एक अडचण सांगून ठेवतो. कित्येक गावांत तिचं रात्री ओरडणं अशुभ मानतात. घुबडाचं तर विचारूच नका. अमेरिकेत 1971 पासून वूड्सी आउल नावाचं घुबड कचरा आणि प्रदूषणाविरुद्ध मुलांना सांगत आलं आहे आणि तिथे ते लाडकं आहे. आपल्याकडे 'घुबड' ही शिवी आहे. शिक्षकाची तयारी असेल, तर नेमका असाच पक्षी घेऊन घरोघरचा गैरसमज दूर करता येतो. पण ते काम पालकसभेत, आधी करावं. सवंगड्याचं चित्र भिंतीवर आल्यावर आजीने नाक मुरडलं तर मूल गप्प होतं.

नाव ठरवण्याआधी ते वापरून पाहणं

बहुतेक ठिकाणी नाव असं ठरतं: एका दुपारी दोन शिक्षक तीन नावं काढतात, परिपाठाला हात वर करून मतदान होतं, दुसऱ्या दिवशी रंगारी येतो. या पद्धतीत मुलांनी निवडलं असं दिसतं, पण त्यांना निवडायला काही दिलेलंच नसतं. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ब्राझीलने तीन पट्ट्यांचा आर्माडिलो, म्हणजे संकटात अंगाचा चेंडू करणारा खवल्यांचा प्राणी, शुभंकर म्हणून घेतला. निवड अचूक होती. मग लोकांपुढे तीन नावं ठेवली: फुलेको, झुझेको आणि अमिजुबी. तिन्ही दोन-दोन शब्दांचे तुकडे जोडून बनवलेली. सतरा लाखांहून जास्त लोकांनी मतं दिली आणि फुलेको निवडून आला. इतकी मतं पडूनही तो शब्द कुणाच्या घरातला नव्हता, तो 'फुटबॉल' आणि 'पर्यावरण' यांची पोर्तुगीज गाठ होती. आपल्याकडची 'इकोमित्रू', 'ग्रीनी', 'ट्रीटू' ही नावं याच जातीची. मोठ्यांना ती कल्पक वाटतात. मुलांना त्यातला प्राणी दिसत नाही.

त्यापेक्षा दोन-तीन आठवडे हातात ठेवावेत. पहिल्या आठवड्यात मुलांनी शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत जे जे जिवंत दिसतं त्याची यादी करावी, आणि घरी आजी-आजोबांना त्याचं नाव विचारून तेही लिहून आणावं. अशा यादीत शिक्षकांना ठाऊक नसलेली नावं हमखास येतात. त्यातून शिक्षकांनी सात-आठ नावं बाजूला काढावी, ताल पाहून आणि त्या जीवाशी मुलांना खरंच काही करता येईल का हे पाहून.

मग हाकेची परीक्षा. एक मुलगा मैदानाच्या एका टोकाला, ज्याने नावं ऐकलेली नाहीत असा दुसरा मुलगा दुसऱ्या टोकाला. पहिल्याने एकेक नाव ओरडायचं, दुसऱ्याने जसं ऐकू आलं तसं वहीत लिहायचं. यात 'पांगारा'चं 'मांगारा' झालं किंवा 'बहावा'चा नुसता 'हावा' उरला तर ते नाव बाद. ही परीक्षा मधल्या सुट्टीत, गोंगाटात घ्यावी, कारण घोषणा तशाच गोंगाटात दिली जाणार असते.

त्यानंतर आठवणीची परीक्षा. उरलेली तीन-चार नावं सोमवारी पहिलीच्या वर्गाला एकदाच ऐकवावी, त्यावर काही बोलू नये. गुरुवारी जाऊन विचारावं, 'सोमवारी मी कोणाकोणाची नावं सांगितली?' पहिलीतली मुलं ज्याचं नाव आपण होऊन घेतात ते नाव धरायचं. सातवीच्या मुलांचं मत इथे कमी मोलाचं, कारण त्यांना शिक्षकांना काय आवडेल ते कळतं.

शेवटी हजेरीपट उघडून बघावा. 'चिऊ' हे कित्येक मुलींचं घरचं लाडाचं नाव असतं, 'सोनू' तर प्रत्येक वर्गात एखादा असतोच. सवंगड्याचं नाव एखाद्या मुलाच्या नावाशी जुळलं की वर्षभर त्याची टिंगल होते. म्हणून 'चिऊ'पेक्षा 'चिऊताई' बरं. 'ढब्बू', 'गोलू', 'काळू' अशी अंगावरून पडलेली नावं तर घेऊच नयेत. ज्या पोराला आधीच कुणी तसं म्हणत असतं, त्याला ते पुन्हा रोज परिपाठाला ऐकावं लागतं.

एवढं झाल्यावर मतदान घ्यावं. तोवर उरलेली नावं चांगलीच असतात.

घोषणा खरी असली पाहिजे

लक्षात राहणाऱ्या नावाचा एक धोका असतो. त्याला जोडलेली गोष्टही तितकीच लक्षात राहते, मग ती अर्धवट असली तरी. स्मोकीच्या बाबतीत हेच झालं. 'वणवा वाईट, प्रत्येक वणवा विझवा' हे अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांच्या मनात पक्कं बसलं. वनखातंही छोट्या छोट्या आगी लगोलग विझवत राहिलं. पण तिथल्या काही जंगलांत अधूनमधून लागणारी लहान आग जमिनीवरचा वाळका पाला जाळून टाकते आणि मोठी झाडं वाचतात. ती आग थांबली तसा पाला आणि दाट झुडपं साचत गेली, आणि मग आग लागली की ती शेंड्यापर्यंत चढू लागली. अभ्यासक याला 'स्मोकी बेअर परिणाम' म्हणतात. 2001 मध्ये त्याच्या घोषणेतले शब्द बदलले, पण आधीच्या सत्तावन्न वर्षांत लोकांच्या मनात जे रुजलं ते निघायला वेळ लागतो.

आपल्याकडे चिमणीबाबत तोच धोका आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होऊ लागला आणि शाळाशाळांत लाकडी घरटी आणि तांदळाच्या वाट्या आल्या. घरटी देणं चांगलंच. त्याचं भोक सुमारे 32 मिलिमीटरचं असावं, त्याहून मोठं असलं तर साळुंकी ताबा घेते. ते वळचणीखाली, सावलीत, मांजराला पोचता येणार नाही अशा उंचीवर असावं. पण चिमणी आपल्या पिलाला तांदूळ भरवत नाही. पहिले काही दिवस पिलांना अळ्या, किडे लागतात, त्यातूनच त्यांचं अंग भरतं. कीटकनाशकं फवारलेल्या, सगळीकडे फरशी घातलेल्या आवारात दाणे मुबलक असतात आणि अळी सापडत नाही. तिथे घरटं असूनही पिलं जगत नाहीत.

'सगळीकडच्या चिमण्या संपल्या' हेही खरं नाही. 2020 साली आलेल्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालाने, पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून, देशभरात चिमण्यांची संख्या एकूण स्थिर दिसते आणि मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे असं सांगितलं. म्हणून खेड्यातल्या शाळेत 'चिऊताई गेली' असं रडगाणं मुलांच्या तोंडी देऊ नये, कारण त्यांच्याच वर्गाच्या आढ्यात चिमण्या चिवचिवत असतात. त्याऐवजी:

चिऊताई, चिऊताई,
पिलाला तू देतेस काय?
अळी, किडा, नाकतोडा!

यात यमक नाही आणि ते नसलं तरी चालतं, कारण ताल पक्का आहे आणि 'नाकतोडा' म्हणताना मुलांना मजा येते. या घोषणेमागून येणारं कामही वेगळं असतं. आवाराचा एक कोपरा न कापता ठेवायचा, त्यात गवत आणि रानझुडपं वाढू द्यायची, त्यावर औषध मारायचं नाही, आणि चिमण्या तिथे उतरतात का ते बघायचं. नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादीला नसतो. दोघंही चोचीत काहीतरी घेऊन वळचणीकडे जाताना दिसले की आत पिलं आहेत हे समजावं.

झाडाचा सवंगडी घेतला तर धोका दुसरा. वडआजोबांच्या नावाने रोपं आणायला गेलं की मिळतात ती बहुधा गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ, कारण ती झपाट्याने वाढतात आणि रोपवाटिकेत भरपूर असतात. भीमाशंकरच्या शाळेने 'नवं लावू वाटेवर' म्हणत सुबाभूळ लावली तर शेकराला तिचा फारसा उपयोग नाही. तिथे हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर हवा, आणि तोही दोन उभ्या मोठ्या झाडांच्या मधल्या फटीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर लावायचा आणि जानेवारीपासून पाणी घालायचं. खरी अडचण मे महिन्यात येते. शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला, आणि रोपं नेमकी तेव्हा वाळतात. सुट्टी लागण्याआधी वाडीतल्या चार मुलांची नावं पाण्यासाठी लिहून घेतली नाहीत, तर जूनमध्ये घोषणा त्याच जोरात होते आणि रोपं गेलेली असतात.

आर्माडिलोबाबतही हेच घडलं. विश्वचषकाच्या वेळी काही शास्त्रज्ञांनी जाहीर मागणी केली की स्पर्धेतल्या प्रत्येक गोलामागे या प्राण्याच्या राहण्याच्या काटेरी रानातलं एक हजार हेक्टर क्षेत्र राखून ठेवा. मागणी साधी, मोजता येण्याजोगी होती. तसं काही झालं नाही आणि स्पर्धा संपल्यावर फुलेकोही लोकांच्या बोलण्यातून गेला.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा शाळा उघडली की सवंगड्याचं नाव ठरवा, पण ते भिंतीवर रंगवायची घाई करू नका. पहिलं वर्षभर ते फळ्यावर खडूनेच लिहा, घोषणा मुलांना बदलू द्या, आणि मे महिन्यात पाणी घालणाऱ्या मुलांची यादी त्याच फळ्यावर, त्या नावाखाली लावा. पुढच्या जूनमध्ये रोपं जगलेली असतील आणि पहिलीतली मुलं ते नाव आपण होऊन ओरडत असतील, तरच रंगाऱ्याला बोलवा.